‘टेक’ म्हणजे नेहमी ‘घेणे’ नव्हे: भाषांतरातील या चुका टाळा

इंग्रजीतून मराठीत भाषांतर करताना अवघड शब्दांपेक्षा ‘टेक’, ‘गेट’, ‘मेक’ ही रोजची क्रियापदे अधिक फसवतात. अवघड शब्दासाठी आपण कोश उघडतो; या तिघांसाठी मात्र शाळेत पाठ केलेले ‘घेणे’, ‘मिळणे’, ‘बनवणे’ हेच अर्थ न तपासता लिहितो.

सर्वांत घातक चूक ‘टेक’ची, कारण तिथे अर्थच उलटतो. इंग्रजीत विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. म्हणून ‘तिने काल परीक्षा घेतली’ असे लिहिताच परीक्षार्थी मुलगी परीक्षक होऊन बसते. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्याने ही चूक मूळ मजकूर शेजारी ठेवल्यावाचून सापडत नाही. एरवी क्रियापद नामावर ठरते: फोटो काढतात, अंघोळ करतात, रुग्णाला दवाखान्यात नेतात. औषध, काळजी आणि निर्णय मात्र मराठीतही घेतलेच जातात, तेव्हा ‘घेणे’ सरसकट टाळणेही बरोबर नाही.

काही वेळा क्रियापद बदलून भागत नाही, वाक्याची रचनाच बदलावी लागते. ‘इट टुक मी टू अवर्स टु गेट देअर’ हे वाक्य पाहा. ‘तिथे पोहोचायला मी दोन तास घेतले’ हे भाषांतर समजते, पण त्यातून मुद्दाम वेळ काढल्याचा भास होतो. ‘मला तिथे पोहोचायला दोन तास लागले’ हे योग्य. इथे ‘इट’ गळून पडतो, माणूस ‘मला’ होतो आणि ‘लागले’ हे क्रियापद ‘तास’ या शब्दाप्रमाणे चालते. वक्त्याने ठरवून दोन तास खर्च केले असतील, तर ‘त्याने दोन तास घेतले’ हेच नेमके ठरेल.

‘गेट’च्या बाबतीतही गोष्ट आपण केली की आपल्याला झाली, हे आधी ठरवावे. नोकरी मिळते, ताप येतो, सर्दी होते. प्रयत्नावर भर असेल तरच ‘मिळवली’. दुसऱ्याकडून काम करवले असेल, तर ‘घड्याळ दुरुस्त करून घेतले’ असे लिहावे. ‘दुरुस्त घड्याळ मिळाले’ म्हटल्यास वेगळाच अर्थ निघतो.

‘मेक’साठी ‘बनवणे’ हा शब्द तर आज फारच स्वस्त झाला आहे. ‘बातमीने तिला दुःखी बनवले’ याऐवजी ‘बातमी ऐकून तिला वाईट वाटले’ हे मराठी वळण आहे, कारण निर्जीव कर्त्याला आपण सहसा असे काम सांगत नाही. कर्ता माणूस असेल, तर मराठीची प्रयोजक रूपे हाताशी आहेतच: ‘त्याने तिला रडवले’. सक्ती असेल, तर ‘लावणे’ वापरावे: ‘शिक्षकांनी निबंध पुन्हा लिहायला लावला’.