जुन्या पाहुण्याला अपग्रेडची मेल लिहिताना

हॉटेलच्या रिझर्व्हेशन डेस्कवर नवीन असताना मी अपग्रेडची मेल साच्यातून पाठवायचे. "सन्माननीय पाहुणे, आपल्यासाठी खास सवलत" अशी सुरुवात, खाली खोलीचे फोटो आणि मोठं बटण. तिसऱ्यांदा येणाऱ्या पाहुण्यालाही तीच मेल जायची, जणू आम्ही त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

एका पाहुण्यांच्या बुकिंगपासून माझी पद्धत बदलली. त्यांच्या गेस्ट प्रोफाइलमध्ये मागच्या मुक्कामाची नोंद होती: खोली लिफ्टला लागून, रात्री आवाजाची तक्रार. या वेळीही त्यांनी तीच साधी श्रेणी घेतली होती. वरच्या श्रेणीतली, मजल्याच्या टोकाची एक खोली त्या तीनही रात्री मोकळी होती. मी लिहिलं:

"मागच्या वेळी लिफ्टच्या आवाजाने तुमची झोप मोडली होती, ते आमच्या नोंदीत आहे. या वेळी तुमची खोली लिफ्टपासून दूरच ठेवली आहे, त्यासाठी वेगळे पैसे नाहीत. आणखी शांतता हवी असेल, तर मजल्याच्या टोकाची एक मोठी खोली त्या तीन रात्री मोकळी आहे. करांसह प्रत्येक रात्रीचा फरक खाली दिला आहे. हवी असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत फक्त 'हो' कळवा. नको असेल तर काहीच करायची गरज नाही, तुमचं बुकिंग आहे तसंच राहील."

यातलं दुसरं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुनी तक्रार आधी फुकट सोडवायची, मग अपग्रेड विचारायचं. नाहीतर शांत झोप हवी असेल तर पैसे भरा, असाच त्याचा अर्थ होतो. आणि ते वाक्य खरं ठरावं म्हणून मेल पाठवण्याआधीच सिस्टिममध्ये त्यांना लिफ्टपासून दूरचा खोली क्रमांक नेमून दिला. टोकाची खोलीही उद्यापर्यंत होल्डवर टाकली. तसं केलं नाही, तर 'हो' येईपर्यंत ती दुसऱ्याला विकली जाते.

नोंदींतलं काय वापरायचं, याची माझी कसोटी एकच: पाहुण्याने ते स्वतः आपल्याला सांगितलं होतं का? तक्रार, उशीची पसंती, उशिरा पोहोचण्याची विनंती चालते. सोबत कोण होतं, मिनीबारमधून काय घेतलं, हे कधीच लिहायचं नाही. बुकिंगचा पत्ता अनेकदा ऑफिसचा असतो आणि मेल दुसरंच कुणीतरी उघडतं. एकदा मी "तुम्हा दोघांना" असं लिहून बसले होते. उत्तर आलं नाही, आणि चेक-इनच्या वेळी पाहुणे अवघडलेले दिसले.

मेल मी येण्याच्या तीन-चार दिवस आधी पाठवते. फार लवकर पाठवली, तर कोणती खोली मोकळी राहील याची खात्री नसते. आदल्या रात्री पाठवली, तर पाहुणा प्रवासात असतो. उत्तर नाही आलं तर आठवण करून देत नाही. मुदत संपली की होल्ड काढते आणि प्रोफाइलमध्ये लिहिते: 'अपग्रेड विचारलं, उत्तर नाही'. नाहीतर चेक-इनला सहकारी पुन्हा तेच विचारतो.