प्रेशर गेज तपासताना उतरती फेरी गाळू नका

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये डेड वेट टेस्टरवर गेज फक्त चढत्या दाबाने तपासून स्टिकर लावलेला बरेचदा दिसतो. बूर्डन नळीचा हिस्टरेसिस, म्हणजे एकाच दाबाला चढताना आणि उतरताना येणाऱ्या वाचनांतला फरक, मात्र उतरताना कळतो.

1. आधी गेज दोन-तीनदा पूर्ण दाबापर्यंत नेऊन शून्यावर आणा.
2. चढताना वजन ठेवा, ते हलकेच फिरवा आणि पिस्टन तरंगेपर्यंत हँडल सावकाश आवळा. काचेवर बोटाने हलकी टिचकी मारून वाचन घ्या.
3. पूर्ण दाबावर थोडे थांबा. मग फिरणे थांबवून वजन काढा, पिस्टन वर जाईल. हँडल सैल करत तो तरंगवा. काटा खाली गेला म्हणून पुन्हा आवळलेत, तर तो बिंदू बाद. पूर्ण दाबावर जाऊन परत उतरा.

उदाहरणार्थ 0 ते 10 बार, क्लास 1 चा गेज, म्हणजे मुभा ±0.1 बार. 6 बारला चढताना 5.92 आणि उतरताना 6.04 आले. दोन्ही वाचने सुटी पाहिली तर पास, पण फरक 0.12, म्हणजे मुभेपेक्षा जास्त. गेज नापास. इथे काटा सरकवून उपयोग नाही, दोन्ही वाचने सारखीच सरकतात. टिचकीनेच काटा बराच उडत असेल, तर मात्र नळीआधी गिअर आणि पिनियनचे घर्षण बघा.

ऑक्सिजनचा गेज तेलाच्या टेस्टरवर कधीही लावू नका. आत राहिलेले तेल पेट घेऊ शकते.