सिक्स्थ मेजर, मायनर की ऑगमेंटेड? पट्ट्या मोजून नाव देण्याची चूक टाळा

सांगली-मिरज भागात पाश्चात्त्य संगीताची थिअरी शिकू लागणाऱ्या अनेकांचा हात आधी पेटीवर बसलेला असतो. पांढरी एक, काळी चार, काळी पाच ही नावे त्यांना पाठ असतात आणि तेथे प्रत्येक पट्टीला एकच नाव असते. स्टाफ नोटेशनमध्ये मात्र काळी पाच कधी ए शार्प, म्हणजे अर्धा स्वर चढवलेला ए, म्हणून लिहिली जाते, तर कधी बी फ्लॅट, म्हणजे अर्धा स्वर उतरवलेला बी, म्हणून, आणि इंटरव्हलचे, म्हणजे दोन स्वरांमधल्या अंतराचे, नाव या लिहिण्यावर ठरते. हे ध्यानात न घेता थेट पट्ट्या मोजायला बसणे, ही या विषयातील मुख्य चूक आहे.

इंटरव्हलच्या नावाचे दोन भाग असतात, क्रमांक आणि प्रकार, आणि ते याच क्रमाने ठरवावेत. क्रमांकासाठी केवळ अक्षरे मोजायची असतात, तीही दोन्ही टोके धरून. सी, डी, ई, एफ, जी, ए ही सहा अक्षरे झाली, म्हणून सी ते ए हा सिक्स्थ. या दोहोंपैकी कोणापुढेही शार्प किंवा फ्लॅट असला, तरी सहा हा क्रमांक बदलत नाही. सेमिटोन, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधले अर्ध्या स्वराचे अंतर, मोजताना मात्र खालचा स्वर शून्य धरून पुढची पट्टी एक अशी मोजणी करावी लागते. या दोन पद्धतींची सरमिसळ झाली की उत्तर हमखास एकाने चुकते.

प्रकार ठरवताना खालच्या स्वरापासून सुरू होणारा मेजर स्केल आठवावा. वरचा स्वर त्या स्केलमधला असेल तर सिक्स्थ मेजर असतो आणि त्यात नऊ सेमिटोन भरतात. तो अर्ध्या स्वराने आकसला तर मायनर, म्हणजे आठ सेमिटोन, आणि मेजरपेक्षा अर्ध्या स्वराने रुंदावला तर ऑगमेंटेड, म्हणजे दहा.

येथे विद्यार्थी अनेकदा रचनेचा स्केल धरून बसतात. रचना सी मेजरमध्ये आहे, तेव्हा तिच्यातले सगळे सिक्स्थ मेजरच असणार, असा समज होतो. ई ते सी हे अंतर पाहा. अक्षरे सहा आहेत. पण ई मेजर स्केलमध्ये सी शार्प असतो आणि येथे साधा सी आहे, म्हणून हा मायनर सिक्स्थ झाला. सी मेजरच्या सात स्वरांतच सी, डी, एफ आणि जी यांच्यावरचे सिक्स्थ मेजर येतात, तर ई, ए आणि बी यांच्यावरचे मायनर. अंतराचा प्रकार त्या दोन स्वरांपुरता असतो. रचना मेजर आहे की मायनर, याच्याशी त्याचा संबंध नाही.

ऑगमेंटेड सिक्स्थ पेटीवाल्या विद्यार्थ्याला सर्वांत अवघड जातो आणि त्याचे कारण समजण्यासारखे आहे. पांढरी एक सा धरली तर कोमल ध आठ सेमिटोनवर, शुद्ध ध नऊवर आणि दहावर कोमल नी येतो. शुद्ध ध आणखी चढवून त्याला धच म्हणण्याची सोय हिंदुस्थानी पद्धतीत नाही, त्यामुळे सी ते ए शार्प दिसताच मायनर सेव्हन्थ असे उत्तर लिहिले जाते. कर्नाटक पद्धतीत मात्र ही सोय आहे. तेथे षट्श्रुति धैवत आणि कैशिकी निषाद एकाच जागी येतात, आणि मेळात वर काकली निषाद असेल तेव्हा त्या जागेला धैवत म्हटले जाते. सी ते ए शार्प याला सिक्स्थ म्हणण्यामागे हाच विचार आहे.

नाव बदलले की स्वराची पुढची वाटही बदलते, म्हणून हा फरक केवळ परीक्षेपुरता मानू नये. सी मायनरमधील जर्मन सिक्स्थ हा कॉर्ड घ्या: ए फ्लॅट, सी, ई फ्लॅट आणि एफ शार्प. ए फ्लॅट ते एफ शार्प हे अंतर ऑगमेंटेड सिक्स्थचे आहे. त्यातला ए फ्लॅट अर्धा स्वर उतरून आणि एफ शार्प अर्धा स्वर चढून, असे दोघेही बाहेरच्या बाजूंना सरकत जी या स्वरावर पोहोचतात. त्याच पट्टीला जी फ्लॅट लिहिले, तर अंतर मायनर सेव्हन्थचे होते, कॉर्ड डी फ्लॅटकडे नेणारा डॉमिनंट सेव्हन्थ ठरतो आणि जी फ्लॅट चढण्याऐवजी एफवर उतरतो. सुटा कॉर्ड वाजवला तर पियानोवर दोन्ही अगदी सारखेच ऐकू येतात. फरक कळतो तो पुढच्या कॉर्डवर. त्यामुळे केवळ कानाने ओळखून लिहिताना पुढचा कॉर्ड ऐकल्याशिवाय नाव पक्के करू नये.

खालच्या स्वराला फ्लॅट आणि वरच्याला शार्प असेल तेव्हा गोंधळ वाढतो, कारण आठवायचा मेजर स्केलच अपरिचित असतो. अशा वेळी दोन्ही चिन्हे क्षणभर बाजूला ठेवावीत आणि एकेक परत आणावे. ए फ्लॅट–एफ शार्पमध्ये चिन्हे काढल्यावर ए–एफ उरतो, आणि तो मायनर सिक्स्थ आहे. ए खाली सरकून ए फ्लॅट झाला की अंतर रुंदावून मेजर होते, आणि एफ वर सरकून एफ शार्प झाला की ऑगमेंटेड. खालच्या स्वराचा फ्लॅट अंतर वाढवतो आणि शार्प ते कमी करतो, ही उलट दिशा विसरल्याने पुष्कळ उत्तरे चुकतात. म्हणून शेवटी शून्यापासून सेमिटोन मोजून दहा भरतात ना, हे अवश्य पडताळावे.