‘फ्री’ फॉन्ट पाटीवर आणि पाकिटावर जाण्याआधी : या चुका टाळा

चिवडा-चकलीचा घरगुती व्यवसाय वाढवून दुकान थाटलेल्या एका ताईंचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा दुकानावर पाटी लागून तीन महिने झाले होते. आता पाकिटं छापायची होती. त्यांनी मला एक झिप फाइल पाठवली आणि म्हणाल्या, “दादा, पाटीवर आहे तेच अक्षर पाकिटावर हवं. फॉन्ट फ्रीच आहे, पुतण्याने डाउनलोड केलाय.”

झिपमध्ये फॉन्टच्या शेजारी एक छोटी टेक्स्ट फाइल पडली होती. तिच्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं : `FREE FOR PERSONAL USE ONLY`. ती फाइल पुतण्याने उघडलीच नव्हती. सहसा कुणीच उघडत नाही.

पहिली चूक हीच. डाउनलोडला पैसे पडले नाहीत म्हणजे वापरालाही पडणार नाहीत, असं आपण धरून चालतो. लग्नपत्रिका, मुलाच्या वाढदिवसाचा फलक, शाळेचा प्रोजेक्ट, हे झालं पर्सनल यूज. दुकानाची पाटी, पाकीट, इन्स्टाग्रामवरची जाहिरात यातलं काहीच त्यात बसत नाही, मग दुकान घरातल्या पडवीत का असेना. dafont.com सारख्या साइटवर प्रत्येक फॉन्टजवळ `Free for personal use`, `Demo`, `100% Free` असं काहीतरी लिहिलेलं असतं. पण तो शेरा म्हणजे करार नव्हे. करार झिपमधल्या फाइलमध्ये किंवा फॉन्ट करणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवर असतो, आणि दोन्हींत फरक दिसला तर करणाऱ्यालाच विचारायचं.

टेक्स्ट फाइल हरवली असेल तर फॉन्टच्या पोटातही नोंद असते. विंडोजमध्ये फाइलवर राइट-क्लिक करून `Properties`, मग `Details` उघडा, तिथे कॉपीराइटची ओळ दिसते. ब्राउझरमध्ये fontdrop.info वर फाइल ओढून टाकली तर करणाऱ्याचं नाव, परवान्याचं वर्णन आणि परवान्याच्या पानाचा पत्ताही दिसतो, अर्थात त्याने तो भरला असेल तर. इथे एक फसगत होते. त्याच नोंदीत एम्बेडिंगची एक खूण असते आणि तिथे `Installable` दिसलं की लोक खूश होतात. ती खूण एवढंच सांगते की फॉन्ट पीडीएफसारख्या फाइलमध्ये सोबत घालता येईल. धंद्यासाठी वापरायची परवानगी तिच्यात येत नाही. कॉपीराइटची ओळ पूर्ण कोरी असेल तर मात्र सावध व्हा, कारण कुणीतरी नाव पुसून फाइल पुन्हा वाटलेली असण्याची शक्यता असते.

ताईंच्या पाटीवर दोन लिप्या होत्या. इंग्रजी नाव त्या झिपमधल्या वळणदार फॉन्टमध्ये होतं, आणि मराठी नाव पाटीवाल्याने त्याच्या संगणकातून घातलं होतं. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवर देवनागरीत मराठी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत, म्हणजे परवाना बहुतेक वेळा दोन फॉन्टचा तपासावा लागतो. लोक इंग्रजीचा तपासतात आणि मराठीचा विसरतात. पाटीवाल्याला विचारलं तर उत्तर मिळालं, “पेनड्राइव्हवर हजारभर फॉन्ट आहेत, सगळ्या प्रेसवाल्यांकडे हेच असतात.” डीटीपीच्या धंद्यात हे जुनंच आहे. श्रीलिपीसारखी पॅकेजं विकत घ्यायची असतात, तरी मित्राकडून मित्राकडे कॉपी होत राहतात. तो फॉन्ट कुणाचा, कुठल्या पॅकेजमधला, याचा मला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. पाटीवाल्याने ‘काही होत नाही’ म्हटलं तरी पाकिटावर नाव त्याचं नसतं, ताईंचं असतं.

भारतात कॉपीराइट कायद्याच्या कलम 2(o) प्रमाणे कॉम्प्युटर प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोडतो, आणि फॉन्टच्या फाइलवरचा हक्क मुख्यतः याच वाटेने सांगितला जातो. म्हणून ‘नुसत्या अक्षराच्या आकारावर कसला आलाय हक्क’ हा युक्तिवाद फाइल वापरणाऱ्याच्या फार कामाला येत नाही.

आता पाकिटाकडे. हे सगळं डिझाइन सुरू करण्याआधी का तपासायचं, ते ग्रॅव्हिअर छपाईत कळतं. लॅमिनेटेड पाउचच्या रोलला प्रत्येक रंगासाठी एक सिलिंडर कोरला जातो. नाव तीन रंगांत असेल आणि सिलिंडर कोरून झाल्यावर फॉन्ट बदलायची वेळ आली, तर ते तिन्ही पुन्हा कोरावे लागतात आणि आधी छापलेला रोल पडून राहतो. जाहिरातीतलं चित्र पाच मिनिटांत बदलता येतं, पाटीची अक्रिलिक अक्षरं काढून नवी लावता येतात, पण सिलिंडरला दया नसते. आमचे सुदैवाने कोरायचे बाकी होते.

मग काय केलं? मराठी फॉन्टचा मालकच सापडेना, तो सोडला. त्याऐवजी गूगल फॉन्ट्सवरचा, मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा `Baloo 2` घेतला. तो ओएफएल नावाच्या खुल्या परवान्यात येतो : पाटी, पाकीट, जाहिरात सगळीकडे फुकट वापरता येतो, आणि आपल्या डिझाइनवर तो परवाना लागू होत नाही. फॉन्टची फाइल एकटी विकायची नाही, आणि फाइलमध्ये बदल करून वाटायची झाली तर परवाना तोच ठेवायचा, या त्याच्या अटी आहेत. साधं, टोकं न काढलेलं मराठी अक्षर हवं असेल तर त्याच मंडळींचा `Mukta` आहे. पाटीवरची मराठी अक्षरं बदलायचा खर्च ताईंच्या माथी बसला, तो टळण्यासारखा होता.

इंग्रजी अक्षर मात्र ताईंना सोडायचं नव्हतं, गिऱ्हाईक त्याने ओळखू लागलं होतं. त्या फॉन्टवाल्याच्या साइटवर डेस्कटॉप म्हणजे संगणकावर फॉन्ट बसवून डिझाइन करायचा, शिवाय वेब आणि डिजिटल जाहिरात असे वेगळे परवाने होते. आधी झालेला वापर नवा परवाना घेतल्याने आपोआप धुऊन निघत नाही, म्हणून मी त्याला सरळ लिहिलं : पाटी तीन महिन्यांपासून आहे, पाकिटं छापायची आहेत, जाहिराती चित्रांच्या असतील, कोणता घेऊ? दोन दिवसांनी उत्तर आलं : डेस्कटॉप परवाना घ्या, जुनी पाटीही त्यात धरतो.

परवाना मी माझ्या नावावर घेतला नाही, ताईंच्या नावावर घ्यायला लावला. डिझायनरच्या नावावर घेतला तर तो डिझायनर बदलला की घोळ होतो. प्रिंटरने फॉन्टची फाइल मागितली, ती दिली नाही. अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरं नुसत्या आकारांत बदलून, पीडीएफ दिली, त्याचं काम तेवढ्यात भागतं.

जाहिरातीत शेवटची अडचण आली. इन्स्टाग्रामच्या जेपीजीत अक्षर चित्र बनून गेलेलं असतं, ते या परवान्यात चालत होतं. पण एका एजन्सीला साइटवरच्या हलत्या बॅनरसाठी फॉन्टचीच फाइल हवी होती, म्हणजे एचटीएमएलमध्ये फॉन्ट प्रत्येक बघणाऱ्याकडे उतरणार. त्यासाठी डिजिटल जाहिरातीचा वेगळा परवाना लागत होता, आणि तो जाहिरात किती वेळा दिसेल त्यावर ठरत होता. आम्ही त्यांना नावाची पीएनजी करून दिली. हलायची ती हलते, फॉन्टची फाइल कुणाकडे जात नाही.

ताईंच्या ईमेलमध्ये आता एक फोल्डर आहे : पावती, कराराची त्या तारखेची पीडीएफ, फॉन्टवाल्याचं उत्तर आणि `Baloo 2` सोबत आलेली `OFL.txt`. मागच्या महिन्यात एका ऑनलाइन विक्रीच्या साइटने लोगोच्या हक्काबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी तेच चार कागद जोडून पाठवले.