रिक्रूटर म्हणतो "व्हॉट्सॲपवर या", तेव्हा बोलणं कंपनीच्या मेलवर कसं ठेवायचं

माझी भाची कराडला राहते. नोकरीची शोधाशोध चालू असताना एका मंगळवारी सकाळी तिला लिंक्डइनवर मेसेज आला. एका मोठ्या कंपनीचं नाव, खाली रिक्रूटरचा हसरा फोटो आणि मजकूर साधारण असा: "तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालं आहे. प्रोसेस लवकर व्हावी म्हणून तुमचा व्हॉट्सॲप नंबर पाठवा." तिने नंबर टाइप केला होता, पाठवायच्या आधी मला फोन केला. "मामा, देऊ का?"

मी पुण्यात बरीच वर्षं भरतीचं काम केलं आहे, त्यामुळे आधी एक गोष्ट मान्य करतो. आपल्याकडे खरे एचआरही व्हॉट्सॲप वापरतात. मीही वापरत होतो. वॉक-इनचा पत्ता, "उद्या दहाऐवजी साडेदहाला या", गेटवरचं लोकेशन, हे सगळं तिथूनच जातं. म्हणून नुसता नंबर मागितला की माणूस भामटा, असं म्हणता येत नाही. आणि ते पहिल्याच मेसेजवरून ठरवायची गरजही नाही. बोलणं कंपनीच्या मेलवर ओढून आणा. समोरचा माणूस कोण आहे हे त्याच्या पुढच्या दोन-तीन उत्तरांतून कळतं.

पहिली पायरी: नंबर देण्याआधी प्रोफाइल उघडा

लिंक्डइनवर त्या माणसाच्या प्रोफाइलमध्ये `More` दाबलं की `About this profile` दिसतं. खातं कोणत्या महिन्यात, कोणत्या वर्षी उघडलं आणि काही पडताळणी झाली आहे का, हे तिथे लिहिलेलं असतं. भाचीच्या रिक्रूटरने अनुभव नऊ वर्षांचा लिहिला होता आणि खातं दोन महिन्यांपूर्वीचं होतं. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण पाणी कुठेतरी मुरतंय हे कळतं. काही वेळा लिंक्डइन स्वतःच मेसेजवर इशारा दाखवतं. बोलणं दुसऱ्या ॲपवर नेऊ पाहणाऱ्या मेसेजबद्दल सावध करण्याची सोय त्यांनी 2022 मध्ये आणली. तो इशारा दिसला तर घाईने बंद करू नका, वाचा.

नंबर दिल्याने नेमकं काय जातं, तेही पाहा. तो नंबर कुठल्याही यूपीआय ॲपमध्ये टाकला की बँकेत नोंदवलेलं तुमचं नाव बहुतेक वेळा दिसतं. व्हॉट्सॲपचा डीपी सर्वांना खुला असेल तर घरच्यांचा फोटोही दिसतो. पण मला त्याहून मोठा वाटतो तो पुराव्याचा प्रश्न. टेलिग्रामवर समोरचा माणूस अख्खं चॅट दोन्ही बाजूंनी पुसू शकतो, कितीही दिवसांनी. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज सर्वांसाठी डिलीट करायला सुमारे अडीच दिवस मिळतात, आणि आपोआप नाहीसे होणारे मेसेज चालू केले तर डिलीटही करावं लागत नाही, ठरलेल्या मुदतीनंतर ते स्वतःच जातात. तुमच्या इनबॉक्समध्ये आलेला मेल मात्र बाहेरचा पाठवणारा परत काढून घेऊ शकत नाही.

दुसरी पायरी: नाही म्हणू नका, मेल मागा

उमेदवाराला भीती असते की एचआरला राग येईल आणि संधी जाईल. भरतीच्या टेबलाच्या पलीकडून सांगतो, असं होत नाही. खऱ्या रिक्रूटरला तुमची नोंद कंपनीच्या सिस्टीममध्ये करावीच लागते. इंटरव्ह्यूचं निमंत्रण कॅलेंडरमधून जातं, ऑफरला वरून मंजुरी लागते. तुम्हाला मेल पाठवणं हे त्याचं नेहमीचंच काम आहे, त्यात दोन मिनिटं जातात.

भाचीने पाठवलेलं उत्तर देतो. भाषा तुमच्या सोयीने बदला, मुद्दे हेच ठेवा:

"नमस्कार सर, संधीबद्दल धन्यवाद. मला या पदात रस आहे. कृपया जॉब डिस्क्रिप्शन आणि जॉब आयडी कंपनीच्या मेलवरून माझ्या मेलवर पाठवाल का? माझा मेल रेझ्युमेवर आहे. बोलायचं असल्यास वेळ मेलवर कळवा, मी फोनला उपलब्ध असेन. सुरुवातीची सगळी माहिती मी मेलवरच ठेवते."

यात तिने संशय व्यक्त केलेला नाही, कारणांची लांबड लावलेली नाही. "माझं व्हॉट्सॲप बंद आहे" अशी थापही मारू नका. मग तो टेलिग्राम सुचवतो आणि तुम्ही अडकता. स्वतःची पद्धत सांगितली की वाद घालायला जागा उरत नाही.

तिसरी पायरी: उत्तर वाचा

खरा माणूस बहुतेक वेळा मेल पाठवतो, उशिरा का होईना. भाचीच्या रिक्रूटरचं उत्तर चार मिनिटांत आलं: मेल सर्व्हरचं मेंटेनन्स चालू आहे, स्लॉट चार वाजता बंद होतील, व्हॉट्सॲप नको असेल तर टेलिग्रामवर या. तिने तोच मुद्दा पुन्हा एकदा, तितक्याच नम्रपणे लिहिला. यावर उत्तर आलं की तुम्ही सिरियस नाही दिसत, दुसऱ्या कॅंडिडेटला देतो. घाई लावायची, मग अपराधी वाटायला लावायचं, ही जोडी मी फार वेळा पाहिली आहे. मागणी दोनदा करा. तिसऱ्यांदा समजावत बसू नका.

एक अडचण खरी आहे. लहान कन्सल्टन्सी सुरुवातीला क्लायंट कंपनीचं नाव सांगत नाहीत, आणि काही जण जीमेलवरूनच काम करतात. त्यांना सरसकट खोटं ठरवू नका. कन्सल्टन्सीचं नाव, ऑफिसचा पत्ता आणि जेडी मेलवर घ्या. पण इंटरव्ह्यू ठरताना निमंत्रण क्लायंट कंपनीच्या मेलवरून आलं पाहिजे, एवढी अट धरून ठेवा.

चौथी पायरी: आलेला मेल तपासा

मेल आला म्हणजे काम झालं असं नाही. पाठवणाऱ्याचं नाव काहीही लिहिता येतं, म्हणून नाव सोडा आणि `@` च्या पुढचा भाग बघा. तो शेवटाकडून मागे वाचायचा. समजा, कंपनीची वेबसाइट `example.com` आहे. मग:

```
hr@example.com           ठीक
hr@careers.example.com   ठीक
hr@example-careers.com   वेगळंच डोमेन
hr@example.careers-hr.com वेगळंच डोमेन
```

दुसऱ्या ओळीत शेवट `example.com` नेच होतो, म्हणून ते कंपनीच्या ताब्यातलं आहे. शेवटच्या दोन ओळींत कंपनीचं नाव दिसतं, पण डोमेन कुणीही विकत घेतलेलं असू शकतं. काही कंपन्या भरतीसाठी बाहेरचं सॉफ्टवेअर वापरतात, तेव्हा खरा मेलही वेगळ्या डोमेनवरून येतो. असा मेल दिसला की पुढची तपासणी टाळू नका. फोनवर जीमेल पत्ता झाकून फक्त नाव दाखवतं, तेव्हा नावाखालचा छोटा बाण दाबा. `Reply` दाबल्यावर वर कोणता पत्ता येतो तोही बघा. मेल कंपनीकडून आल्यासारखा दिसतो आणि उत्तर भलत्याच पत्त्यावर जातं, असा प्रकार होतो.

मग कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा. मेलमधल्या लिंकवरून जाऊ नका. करिअर्सच्या पानावर तो जॉब आयडी शोधा. सापडला नाही तर वेबसाइटवरच्या बोर्ड नंबरवर फोन करून विचारा की या नावाचे रिक्रूटर तुमच्याकडे आहेत का. भाचीने हा फोन केला. रिसेप्शनवरच्या बाईंनी एचआरला जोडून दिलं आणि तिथून कळलं की अशी जागाही नाही आणि या नावाचं कुणी टीममध्येही नाही. सगळं मिळून सहा-सात मिनिटं लागली.

पाचवी पायरी: व्हॉट्सॲपवर काय चालेल ते आधीच ठरवा

माणूस खरा निघाला की नंबर द्यायला हरकत नाही, पण हद्द ठरलेली असू द्या. वेळ, पत्ता, "पोचलो", "ट्रॅफिकमध्ये आहे" हे व्हॉट्सॲपवर. पगार, पद, जॉइनिंगची तारीख, ऑफर लेटर आणि कागदपत्रं मेलवर किंवा कंपनीच्या पोर्टलवर. फोनवर पगाराचं बोलणं झालं तर त्याच संध्याकाळी दोन ओळींचा मेल टाका: "आज बोलल्याप्रमाणे सीटीसी इतकी आणि जॉइनिंग अमुक तारखेला, असं मी समजतो. काही चूक असल्यास कळवा." खऱ्या कंपनीतही पुढे शब्द फिरतात, तेव्हा हा मेल कामाला येतो.

आधार आणि पॅन पहिल्या फेरीत कुणालाही लागत नाहीत. ऑफरनंतर पडताळणीच्या वेळी लागले तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढा. त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. ते चालत नसेल तर का, हे मेलवर विचारा. लॅपटॉपचं डिपॉझिट, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची फी, परत मिळणारी ट्रेनिंगची रक्कम, यांतलं काहीही निघालं की बोलणं तिथेच थांबवा. फोनवर आलेला सहा आकडी कोड कुणालाही सांगू नका. त्या कोडने तुमचं व्हॉट्सॲपच दुसऱ्या फोनवर उघडतं.

नंबर आधीच दिला असेल तर

घाबरून लगेच ब्लॉक करू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, नंबर आणि तारीख दिसेल असे. मग व्हॉट्सॲपच्या `Export chat` ने चॅट स्वतःच्या मेलवर पाठवा. त्यानंतर तेच सौम्य वाक्य लिहा: "यापुढचं मेलवर बोलूया." तो टाळत राहिला तर रिपोर्ट करून ब्लॉक करा आणि लिंक्डइनवर किंवा जॉब पोर्टलवर त्याचं खातंही रिपोर्ट करा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये `Two-step verification` चालू करून पिन ठेवा.

पैसे गेले नसतील तर `sancharsaathi.gov.in` वरच्या चक्षू सुविधेत त्या नंबरची तक्रार नोंदवता येते. पैसे गेले असतील तर चक्षूवर वेळ घालवू नका, लगेच 1930 ला फोन लावा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार करा. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता असते. तिथे ट्रान्झॅक्शनचा क्रमांक विचारतात, तो हाताशी ठेवा.

पुढच्या महिन्यात भाचीला आणखी एका रिक्रूटरने व्हॉट्सॲप नंबर मागितला. तिने तेच उत्तर जसंच्या तसं पाठवलं. वीस मिनिटांत कंपनीच्या डोमेनवरून मेल आला, जेडी आणि जॉब आयडीसकट, आणि संध्याकाळी कॅलेंडरचं निमंत्रण. आयडी करिअर्सच्या पानावर सापडला. मग तिने नंबर दिला. इंटरव्ह्यूच्या दिवशी हिंजवडीच्या गेटवरून तिचा त्या रिक्रूटरला पहिला व्हॉट्सॲप मेसेज गेला: "सर, गेटवर पोचले आहे, व्हिजिटर पास कुठे मिळेल?"