निघताना नुसतं "आभारी आहे" नको

चार दिवस यवतमाळकडच्या खेड्यात कुणाच्या घरी राहिलात, की निघताना "पाहुणचाराबद्दल आभार" म्हणू नका. "आभार कायचे जी, तुमी घरचेच ना?" असं म्हणून तो विषय तिथंच संपतो.

त्यापेक्षा एखादी नेमकी गोष्ट बोला, आणि ती जिनं केली तिलाच सांगा. आपण बहुधा ओसरीवर काकाजींना नमस्कार करून गाडीत बसतो. राबलेली काकू आतच राहते. चुलीपाशी जाऊन म्हणा, "काकू, परवा मी उशिरा आलो तरी तुम्ही पाटोडीचा रस्सा पुन्हा गरम केलात, अन् मी जेवेपर्यंत बसून राहिलात. ते लक्षात राहील." ती हसून विषय बदलेल. बदलू द्या.

पैसे मोठ्यांच्या हातात देऊ नका, अपमान वाटतो. लेकरांना खाऊला शंभर रुपये चालतात. त्यांनी तुरीची डाळ बांधून दिली तर एकदा "कशाला" म्हणा आणि घ्या.

घरी पोचल्यावर त्याच संध्याकाळी फोन करा. ती डाळ शिजली की पुन्हा एकदा: "काकू, आज तुमच्या डाळीचं वरण केलं." आणि डबा दिला असेल तर तो रिकामा परत पाठवू नका.