‘नेहमीच्या गोळ्या पाठवा’: पाकीट केव्हा सरळ बांधायचं आणि केव्हा आधी फोन करायचा

सकाळी शटर वर केलं की दुकानाच्या मोबाइलवर रात्रीचे निरोप वाट पाहत असतात. ‘बाबांच्या नेहमीच्या गोळ्या पाठवा.’ ‘आईचं औषध संपत आलंय.’ कुणी काहीच लिहीत नाही, रिकाम्या पट्टीचा फोटो तेवढा टाकतं. असे दहा-पंधरा निरोप. प्रत्येकाला फोन करत बसलं तर अकरा वाजतात आणि काउंटरवरची माणसं खोळंबतात. कुणालाच न विचारता पाकिटं बांधली, तर कधी ना कधी चुकीची गोळी एखाद्याच्या पोटात जाते. बावीस वर्षं औषधांच्या दुकानात काढल्यावर या निरोपांची वाटणी करायची एक पद्धत माझ्या हातात बसली आहे, ती इथे सांगतो. दुकानदारांना ती वापरता येईल. घरच्या म्हाताऱ्या माणसांची औषधं फोनवरून मागवणाऱ्यांनाही कळेल की दुकानदार मध्येच प्रश्न का विचारतो.

आधी चिठ्ठी बघा. ड्रग्ज रूल्स, १९४५ मधला नियम ६५ सांगतो की डॉक्टरांनी चिठ्ठीवर पुन्हा द्यायला सांगितलेलं नसेल, तर त्या चिठ्ठीवर औषध एकदाच द्यायचं. ‘३ महिने’ लिहिलं असेल तर तीन महिने चालतं, चौथ्या महिन्याला नवी चिठ्ठी लागते. शेड्यूल एच-१ मधल्या औषधांचं तर आणखी कडक आहे. पट्टीवर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो तीच ही औषधं: झोपेसाठी किंवा घबराटीसाठी दिलं जाणारं अल्प्राझोलाम, सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स वगैरे. १ मार्च २०१४ पासून त्यांचं वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं आणि नोंदी ३ वर्षं जपाव्या लागतात. अशा निरोपावर गिऱ्हाइकाला ‘पाठवू ना?’ विचारण्यात काहीच अर्थ नाही, कारण इथे त्याचा होकार पुरेसा नाही. होकार डॉक्टरांचा हवा, तोही लेखी. म्हणून हे निरोप आधीच बाजूला काढायचे आणि ‘नवी चिठ्ठी लागेल’ एवढं कळवून मोकळं व्हायचं. पुढचं सगळं चालू चिठ्ठी असलेल्यांसाठी.

आता तारीख बघा. दर महिन्याच्या प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे औषध, दिवसाला किती गोळ्या, किती दिल्या आणि त्यावरून ‘संपायची तारीख’ लिहून ठेवा. वही चालते, संगणक असला तर आणखी बरं. हिशेब सोपा आहे. रक्तदाबाची रोज एक गोळी असेल आणि ३ जूनला १५ च्या २ पट्ट्या दिल्या, तर त्या दिवसापासून सुरू धरून शेवटची गोळी २ जुलैला. निरोप संपायच्या आधी आठवडाभर किंवा नंतर तीनेक दिवसांत आला, तर गाडी रुळावर आहे असं मी धरतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे आला तर आधी फोन.

लवकर आलेला निरोप बहुतेकांना खटकतो, कारण जास्त औषध मागितलेलं दिसतं. पुष्कळदा कारण साधंच निघतं. काकू तीन महिन्यांसाठी मुलीकडे अमेरिकेला चालल्या असतात, किंवा मुलगा आणि सून दोघांनीही वेगवेगळा निरोप टाकलेला असतो. कधीकधी मात्र डॉक्टरांनी डोस दुप्पट केलेला असतो आणि चिठ्ठी घरच्या ड्रॉवरमध्ये पडलेली असते. उशिरा आलेला निरोप कुणालाच खटकत नाही, आणि माझ्या हातून चूक तिथेच झाली.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर यायचे. टेल्मिसार्टन ४०, रोज एक. वरचा ३ जूनचा हिशेब त्यांचाच. जूनच्या शेवटी निरोप यायला हवा होता, तो ११ जुलैला आला, परगावी असलेल्या मुलाकडून. त्याने जुन्या पट्टीचा फोटो पाठवला होता. चिठ्ठी चालू होती, औषध तेच, माणूस ओळखीचा. मी पाकीट बांधून पाठवून दिलं. गोळ्या संपून ९ दिवस उलटून गेले होते. मग इतके दिवस मास्तर काय घेत होते, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नाही.

मधल्या काळात मास्तर पाच दिवस दवाखान्यात होते. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी टेल्मिसार्टन ४० आणि अम्लोडिपिन ५ एकत्र असलेली गोळी दिली होती, वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची. मुलाला हे सगळं अर्धवट ठाऊक. माझं पाकीट पोचल्यावर मास्तरांनी दोन्ही गोळ्या सुरू केल्या, कारण दोन्ही ‘डॉक्टरांच्याच’ होत्या. टेल्मिसार्टन झालं ८०, वर अम्लोडिपिन. चौथ्या दिवशी न्हाणीघरातून बाहेर येताना त्यांना अंधारी आली. सुनेने घरच्या यंत्रावर दाब बघितला, ९८/६० भरला. भिंतीला टेकले म्हणून पडले नाहीत. संध्याकाळी ती दोन्ही पट्ट्या घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. पट्ट्यांवरची नावं निराळी, मागे बारीक अक्षरात औषध तेच. त्या बाईंनी आवाज चढवला नाही, तरी तो क्षण मला अजून बोचतो. दोन मिनिटांचा एक फोन केला असता तर हे टळलं असतं.

तेव्हापासून माझा नियम असा की उशीर झालेला निरोपही विचारूनच पुढे न्यायचा. मधे खंड पडला म्हणजे एकतर गोळी बंद होती किंवा ती दुसरीकडून येत होती, आणि दोन्ही गोष्टी पाकीट बांधण्याआधी कळायला हव्यात.

तारीख जुळली तरी एक गोष्ट बघायची राहते: हे औषध चुकलं तर काय होईल, आणि उशिरा पोचलं तर काय होईल? दोन्ही प्रश्न सोबत विचारायचे. नुसता पहिलाच विचारला तर माणूस भित्रा होतो आणि सगळ्यांनाच फोन करू लागतो.

मेटफॉर्मिन ५०० वर्षभर त्याच डोसात चालू आहे आणि तारीख जुळते आहे, तर सरळ बांधा. रक्त पातळ ठेवणारं वॉरफेरिन किंवा असिनोकुमेरॉल मात्र तारीख जुळली तरी विचारून. त्याचा डोस रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणाऱ्या आयएनआर तपासणीनुसार बदलत राहतो, आणि बदल पुष्कळदा तोंडी किंवा फोनवर सांगितलेला असतो. थायरॉइडच्या गोळीचंही तसंच. डोस बदलला की डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच बघतात, म्हणून नव्याने सुरू झालेल्या माणसाला पहिले काही महिने विचारायचं, डोस स्थिरावला की सोडून द्यायचं. संधिवाताचं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं, म्हणून ते माझ्याकडून कधीच न विचारता जात नाही, आणि पाकिटावर वार लिहिल्याशिवायही जात नाही. इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात की १०० हे बघायचं आणि घरी सिरिंज कुठली आहे हे विचारायचं. ४० ची सिरिंज आणि १०० ची बाटली अशी गाठ पडली तर अडीच पट इन्सुलिन टोचलं जातं.

फिट्सची औषधं उलट्या बाजूची आहेत. तिथे एक दिवसाचा खंडही महागात पडू शकतो. मेटोप्रोलॉलसारखी गोळीही एकदम बंद करायची नसते. अशा निरोपावर शंका असली तरी ‘उत्तर आल्यावर बघू’ म्हणून तो लोंबकळत ठेवता येत नाही.

प्रश्न कसा विचारायचा, यावर निम्मं काम अवलंबून आहे. ‘नेहमीच्याच ना?’ असं विचारलं की पलीकडून ‘हो हो’ येतं. ते उत्तर नव्हे, सवय आहे. मी असं विचारतो: “आजी, सकाळी कोणती गोळी घेता? रात्री कोणती? पट्टी हातात घ्या आणि नाव वाचून दाखवा.” चष्मा शोधायला वेळ लागतो, लागू दे. मग एवढंच: “मागच्या वेळेनंतर दवाखान्यात राहिलात का, किंवा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलंत का?” मास्तरांच्या बाबतीत या एका प्रश्नाने सगळं उघड झालं असतं. आणि फोन ज्याने निरोप पाठवला त्याला नाही, तर गोळी घेणाऱ्याला किंवा घरात गोळ्यांची डबी भरणाऱ्याला करायचा. परगावच्या मुलाला आईच्या डबीत आज काय आहे ते ठाऊक नसतं.

उत्तर आलंच नाही तर काय करायचं, हे फोन करण्याआधीच ठरवून निरोपासमोर लिहून ठेवा. गप्प राहणं म्हणजे होकार, असं कधीही धरू नका. खंड चालणार नाही अशा औषधाची, चिठ्ठी चालू असेल आणि डोसबद्दल शंका नसेल तर, एकच पट्टी पाठवतो आणि बाकीची पाकीट बांधून दुकानात ठेवतो. मास्तरांसारखी खंडाची शंका असेल तर मात्र पट्टीही जात नाही. संध्याकाळी डिलिव्हरीचा मुलगा रिकाम्या हाताने घरी जाऊन विचारून येतो. वॉरफेरिन किंवा मेथोट्रेक्सेटचं उत्तर नाही आलं तर काहीच पाठवायचं नाही, डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावायचा. न विचारता बांधलेल्या पाकिटातही मी चिठ्ठी घालतो: ‘मागच्या महिन्याप्रमाणे दिलं आहे. डॉक्टरांनी काही बदललं असेल तर पट्टी न फोडता कळवा.’ पट्टी फुटेपर्यंत चूक परत घेता येते.

शेवटचं काम महिन्यातून एकदा, दुकान बंद करताना. केलेल्या प्रत्येक फोनसमोर मी खूण करतो: फोनमुळे पाकीट बदललं की नाही. एखाद्या माणसाला किंवा एखाद्या औषधासाठी वर्षभर विचारत राहिलो आणि पाकीट एकदाही बदललं नाही, तर तो प्रश्न बंद करून ते नाव सरळ बांधायच्या यादीत टाकतो. विनाकारण दर महिन्याला विचारलं की माणसं ऐकायची थांबतात, आणि ज्या महिन्यात खरंच विचारायचं असतं तेव्हाही ‘हो हो’च म्हणतात. मेथोट्रेक्सेट आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यातून वगळलेल्या आहेत, त्यांचा प्रश्न कधीच बंद होत नाही. आणि न विचारता गेलेलं एखादं पाकीट परत आलं, तर त्या नावासमोर लाल पेनने ‘विचारा’ लिहितो. मास्तरांच्या नावासमोर तो शब्द अजून आहे, जरी त्यांची सून आता प्रत्येक नव्या चिठ्ठीचा फोटो आधी पाठवते.